भाववाढ ०.२ टक्के की ४.६? जीडीपी आणि महागाईच्या स्लाइड वाचताना

बी.कॉम.च्या समग्रलक्षी अर्थशास्त्राचा स्लाइड-संच आमच्याकडून घेतलेल्या विद्यार्थ्यांसाठी हे पत्रक आहे. संचात एप्रिल ते जून २०२३ या तिमाहीचं उदाहरण दोन ठिकाणी आलं आहे. एका स्लाइडवर त्या तिमाहीतली भाववाढ ०.२ टक्के दिसते, तर दुसऱ्या स्लाइडवर ४.६ टक्के. ही छपाईची चूक वाटण्याजोगी गोष्ट आहे, पण दोन्ही आकडे बरोबर आहेत. ते तसे का आले हे कळलं, की जीडीपी आणि महागाई कशी मोजतात यातला बराचसा भाग आपोआप समजतो.

आधी जीडीपी. पुस्तकात उत्पादन, उत्पन्न आणि खर्च अशा तीन पद्धती दिलेल्या असतात. आपल्याकडे राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालय मुख्य भर उत्पादन बाजूवर देतं. शेती, कारखाने, बांधकाम, व्यापार, बँका अशा प्रत्येक क्षेत्रानं जे विकलं त्यातून त्यासाठी विकत घेतलेला कच्चा माल आणि सेवा वजा करतात. उरतं ते मूल्यवर्धन, म्हणजे जीव्हीए. सगळ्या क्षेत्रांचा जीव्हीए एकत्र करून त्यात वस्तू-सेवांवरचे कर मिळवले आणि अनुदानं वजा केली की जीडीपी येतो. खर्चाच्या बाजूनंही हिशेब होतो, पण दोन्ही बेरजा सहसा तंतोतंत जुळत नाहीत. त्या फरकासाठी तक्त्यात ‘विसंगती’ अशी वेगळी ओळच असते. स्लाइडवर ती ओळ दिसली तर गोंधळू नका.

हाच जीडीपी दोन किमतींत मांडतात. चालू किमतींत म्हणजे त्या त्या वेळच्या भावांनी, आणि स्थिर किमतींत म्हणजे पायाभूत वर्षाच्या भावांनी. आपल्या उदाहरणात पायाभूत वर्ष २०११-१२ आहे. ३१ ऑगस्ट २०२३ ला जाहीर झालेले पहिले अंदाज असे होते: चालू किमतींत या तिमाहीचा जीडीपी आदल्या वर्षीच्या ६५.४२ लाख कोटींवरून ७०.६७ लाख कोटी रुपये झाला, म्हणजे वाढ ८.० टक्के. स्थिर किमतींत तो ३७.४४ वरून ४०.३७ लाख कोटींवर गेला, म्हणजे वाढ ७.८ टक्के. (पुढे हे अंदाज सुधारले गेले. आपण पहिलेच आकडे धरले आहेत.)

आता कॅल्क्युलेटर घ्या. चालू किमतींतल्या जीडीपीला स्थिर किमतींतल्या जीडीपीनं भागून शंभरानं गुणलं की डिफ्लेटर मिळतो. २०२३ साठी तो १७५.०६ येतो, आधीच्या वर्षासाठी १७४.७३. वाढ जेमतेम ०.२ टक्के. हा पहिल्या स्लाइडवरचा आकडा. डिफ्लेटरसाठी कोणीही बाजारात जाऊन स्वतंत्रपणे भाव टिपत नाही. तो भागाकारातून बाहेर पडतो. हा मुद्दा पुढे लागणार आहे.

४.६ हा आकडा ग्राहक किंमत निर्देशांकाचा, म्हणजे सीपीआयचा. तिथे पद्धत अगदी उलटी. कुटुंबं कशावर किती खर्च करतात याची पाहणी करून वस्तू-सेवांची एक टोपली ठरवतात, प्रत्येक वस्तूला भार देतात आणि मग शहरांतल्या बाजारांतून व गावांतून दर महिन्याला भाव गोळा करतात. २०१२ पायाभूत धरलेल्या मालिकेत शहरांतले १,११४ बाजार आणि १,१८१ गावं होती, आणि खाद्यपदार्थ आणि पेयांचा भार ४५.८६ टक्के होता. त्यामुळे भाजी महागली की हा निर्देशांक लगेच हलायचा. त्याच वर्षी जुलैत टोमॅटोचे भाव आदल्या वर्षाच्या सुमारे तिप्पट झाले. टोमॅटोचा भार जेमतेम ०.६ टक्के, पण २०० टक्के वाढ गुणिले ०.६ म्हणजे एकट्या टोमॅटोमुळेच महागाईच्या दरात टक्क्याहून जास्त भर. जूनचा दर पाच टक्क्यांच्या आत होता, तो जुलैत ७.४४ वर गेला.

म्हणजे सीपीआय घराच्या खर्चाकडे पाहतो आणि डिफ्लेटर देशात तयार झालेल्या सगळ्या मालाकडे. डिफ्लेटरमध्ये यंत्रं, निर्यातीचा माल, सरकारी सेवा येतात. आयात वस्तू येत नाहीत. शिवाय सीपीआयची टोपली पायाभूत वर्षाची असते, तर डिफ्लेटरला चालू वर्षाच्या उत्पादनाचे भार मिळतात. परीक्षेत एवढं लिहिलं तरी गुण मिळतील. पण ४.६ आणि ०.२ मधली दरी एवढ्यानं भरत नाही.

खरं कारण घाऊक किंमत निर्देशांकात आहे. २०२२ मध्ये युक्रेन युद्धानंतर कच्चं तेल, धातू, खाद्यतेल भडकलं होतं. वर्षभरात ते उतरलं आणि एप्रिल ते जून २०२३ हे तिन्ही महिने घाऊक भाववाढ शून्याखाली होती. जूनमध्ये उणे ४.१२ टक्के. या निर्देशांकात सेवा मुळीच नाहीत आणि कारखानी मालाचा भार ६४ टक्क्यांहून जास्त आहे. चालू किमतींतला जीव्हीए स्थिर किमतींत आणताना २०११-१२ च्या मालिकेत अनेक क्षेत्रांसाठी हेच घाऊक भाव वापरले जात. घाऊक भाव घसरले म्हणून डिफ्लेटरही खाली ओढला गेला.

इथेच एक अडचण आहे, आणि आमच्या मते या प्रकरणातला हा सगळ्यात वाचण्यासारखा भाग. समजा, एक बिस्कीट कारखाना १०० रुपयांचा माल विकतो आणि त्यासाठी ७० रुपयांचा मैदा, साखर, तेल घेतो. मूल्यवर्धन ३० रुपये. पुढच्या वर्षी बिस्किटं तेवढीच, त्यांचा भाव तोच, पण कच्चा माल दहा टक्के स्वस्त होऊन ६३ रुपयांना मिळाला. मूल्यवर्धन झालं ३७. आता बिस्किटाच्या भावाच्याच निर्देशांकानं ३७ ला भागलं, तर तो निर्देशांक हललेलाच नाही. उत्तर ३७ च येतं आणि ‘खरी वाढ’ २३ टक्के दिसते. प्रत्यक्षात बिस्किटाचा एक पुडाही जास्त बनलेला नाही. याला एकेरी डिफ्लेशन म्हणतात. दुहेरी पद्धतीत विकलेला माल आणि कच्चा माल यांना त्यांच्या त्यांच्या भावांनी वेगवेगळं भागतात: १०० वजा ७०, म्हणजे ३०. वाढ शून्य.

कच्चा माल पक्क्या मालापेक्षा वेगानं स्वस्त होतो तेव्हा एकेरी पद्धत वाढ फुगवते आणि कच्चा माल महागतो तेव्हा तीच पद्धत वाढ दाबते. म्हणून कुठलीही स्लाइड हातात आली की चालू आणि स्थिर किमतींतले वाढीचे दर शेजारी लिहून फरक काढा. तो सीपीआयपासून फार दूर असेल, तर त्या महिन्यांचा घाऊक निर्देशांक बघा. एवढ्यावरून ७.८ टक्के खोटे ठरत नाहीत. त्यातला किती भाग उत्पादनाचा आणि किती भावांच्या हिशेबाचा, हे मात्र त्या एका आकड्यावरून सांगता येत नाही.

रिझर्व्ह बँकेचं चार टक्क्यांचं, दोन टक्के वर-खाली मुभा असलेलं लक्ष्य सीपीआयवरच ठरलेलं आहे. उत्तरात ते डिफ्लेटर किंवा घाऊक निर्देशांकाला जोडलंत तर गुण कापले जातील.

संचातले सीपीआयचे आकडे २०१२ च्या आणि जीडीपीचे २०११-१२ च्या मालिकेतले आहेत. वेगळं पायाभूत वर्ष असलेल्या मालिकेतला निर्देशांक त्यांच्याशेजारी ठेवून थेट टक्केवारी काढू नका. आलेखाखाली पायाभूत वर्ष पुसट छापलं गेलं असेल, तर ते पान दुकानात आणून द्या, बदलून मिळेल.