अंजिरी लुगडं राखाडी का होतं?

गेल्या महिन्यात आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर एक फोटो आला. घरातल्या भिंतीवरचं एका संतांचं तैलचित्र, आणि फोटोत त्यांच्या कपाळावर लख्ख पांढरा प्रकाश. खाली ‘प्रत्यक्ष दर्शन’ असं लिहिलेलं आणि त्याखाली जोडलेल्या हातांची रांग. मी फोटो काढणाऱ्या मावसभावाला फोन केला आणि म्हटलं, आहेस तिथून दोन पावलं डावीकडे सरक आणि अजून एक फोटो काढ. दुसऱ्या फोटोत तेज कपाळावरून खांद्यावर आलं होतं. श्रद्धा ज्याची त्याची, तिच्याबद्दल मला काही म्हणायचं नाही. पण तो प्रकाश समोरच्या खिडकीतला होता, आणि तो चमत्कार म्हणून पुढे पाठवत राहणं मला पटत नाही.

चित्रांचे फोटो काढताना माझा निम्मा वेळ याच प्रकाशाला बाजूला सारण्यात जातो. अलीकडचंच एक काम सांगतो. मित्राच्या आजीचं व्यक्तिचित्र, कॅनव्हासवर तैलरंग, आकार 45 बाय 60 सेंटीमीटर, वर व्हार्निशचा चकचकीत थर. आजी खुर्चीत बसलेल्या आहेत आणि अंगावर गडद अंजिरी नऊवारी लुगडं आहे. फोनवर काढलेल्या प्रत्येक फोटोत ते लुगडं राखाडी येत होतं. एका स्टुडिओतून मोठी प्रिंट करून आणली, तीही तशीच. मित्राची आई म्हणाली, “आईचं लुगडं असं विटकं नव्हतं रे.” त्यांचं बरोबर होतं, चित्रातही ते विटकं नाही.

अशा कामाला कॉपी स्टँड लागतो. खाली सपाट पाट, मागे उभा खांब, आणि खांबावर वरखाली सरकणारा कॅमेरा, थेट खाली पाहणारा. चित्र पाटावर आडवं ठेवायचं. साठ मिलिमीटरच्या मॅक्रो लेन्सने एवढं चित्र थोड्या मोकळ्या कडेसह टिपायला कॅमेरा साधारण सव्वा मीटर उंच न्यावा लागतो. कॅमेरा चित्राला अगदी समांतर आहे ना, हे पाहायला पाटाच्या मधोमध एक छोटा आरसा ठेवतो. कॅमेऱ्याला आरशात स्वतःची लेन्स दिसते. ती बरोबर चौकटीच्या मध्यभागी आली की कॅमेरा सरळ. एवढं केलं नाही तर आयताकृती चित्र फोटोत एका बाजूला निमुळतं होतं आणि एक कड अंधुक येते.

आता दिवे. एकच दिवा बाजूला लावला तर काय होतं, याचा हिशोब कागदावर मांडता येतो. समजा दिवा चित्राच्या मध्यापासून एक मीटर बाजूला आणि एक मीटर उंच आहे, म्हणजे प्रकाश 45 अंशांतून येतोय. मध्यावर जेवढा उजेड पडतो त्याला 100 म्हणू. दिव्याकडच्या कडेवर तो जवळजवळ 155 होतो आणि पलीकडच्या कडेवर 64. एकाच चित्राच्या दोन कडांमध्ये जवळपास अडीच पट फरक! डोळ्याला तो जाणवत नाही, कारण मेंदू सावरून घेतो. कॅमेरा सावरून घेत नाही.

दुसरा तसाच दिवा विरुद्ध बाजूला लावला की प्रत्येक कडेवर 155 आणि 64 यांची बेरीज पडते, 219, आणि मध्यावर 200. फरक दहा टक्क्यांवर आला. दिवे दीड मीटर बाजूला आणि दीड मीटर उंच नेले तर तो चार-पाच टक्के उरतो. उलट ते अर्ध्या मीटरवर आणले तर कडा मध्यापेक्षा 34 टक्के उजळ होतात. म्हणून लहान खोलीत दिवे चित्राजवळ आणून ठेवण्याचा मोह टाळायचा. शेवटची कसर काढायला मी चित्राच्या जागी पांढरा जाड कागद ठेवून एक फोटो काढतो आणि चारही कोपऱ्यांचे व मध्याचे आकडे संगणकावर ताडून बघतो. हा फोटो जपूनही ठेवतो. उरलेला असमानपणा त्याच्या आधारे नंतर भागून काढता येतो.

उजेड समान झाला, तरी लुगडं राखाडीच होतं. मला या सगळ्या कामात सर्वांत आवडतो तो भाग इथून सुरू होतो.

शाळेत शिकलेला परावर्तनाचा नियम आठवा. किरण ज्या कोनात येतो, त्याच कोनात पलीकडे जातो. दिवा 45 अंशांवर असेल तर सपाट चित्रावरची चमक पलीकडे 45 अंशांत निघून जाते, वरच्या कॅमेऱ्यात येत नाही. कागदावरच्या सपाट चित्राला एवढं पुरतं. पण तैलचित्र सपाट नसतं. कुंचल्याच्या प्रत्येक फटकाऱ्याला उतार असतो, कॅनव्हासच्या प्रत्येक धाग्याला गोलाई असते. त्यातला जो उतार दिव्याकडे साडेबावीस अंशांनी कललेला आहे, तो 45 अंशांतून आलेला किरण थेट वर कॅमेऱ्यात पाठवतो. असे उतार एका चित्रात हजारोंनी असतात. संतांच्या कपाळावरही हेच घडलं होतं. कपाळावरची चकाकी दाखवायला चित्रकार तिथे पांढरा रंग जाड लावतात, त्याचा उंचवटा होतो, आणि खिडकी त्यालाच सापडते.

व्हार्निशच्या पृष्ठभागावरून जेमतेम चार टक्के प्रकाश असा परततो. मग एवढा गहजब का? कारण गडद रंग स्वतः फार थोडा प्रकाश परत देतो. समजा पांढरा पदर पडलेल्या प्रकाशातला 90 टक्के परत देतो आणि अंजिरी लुगडं 4 टक्के. आता बारीक उतारांवरची चमक दोघांतही सरासरी चाराची भर घालते असं धरा. पांढरा 90 वरून 94 वर गेला, कुणाच्या लक्षातही येणार नाही. लुगडं 4 वरून 8 वर गेलं, म्हणजे दुप्पट उजळ झालं. शिवाय ही भर पांढऱ्या प्रकाशाची आहे, कारण ती रंगापर्यंत पोचलेलीच नाही, वरच्या वर परतली आहे. अंजिरीत तेवढाच पांढरा मिसळला की राखाडीच दिसणार. नंतर संगणकावर कॉन्ट्रास्ट कितीही ओढला तरी भर कुठे किती पडली हे फोटोत लिहिलेलं नसतं, त्यामुळे ती नेमकी वजा करता येत नाही.

ती कॅमेऱ्यात शिरण्याआधीच अडवावी लागते, आणि त्यासाठी ध्रुवण उपयोगी पडतं. प्रकाशलहर पुढे जाताना आडवी थरथरते. साध्या दिव्याच्या प्रकाशात ही थरथर सगळ्या दिशांना असते. दिव्यापुढे ध्रुवक फिल्म धरली की एकाच दिशेची थरथर पलीकडे जाते. हा एकदिश प्रकाश चित्रावर पडला की त्याचे दोन भाग होतात. एक भाग व्हार्निशवरून एकदाच आपटून परततो आणि थरथरीची दिशा जवळजवळ तशीच ठेवतो. दुसरा भाग आत शिरतो, रंगाच्या कणाकणांवर असंख्य वेळा आपटतो, आणि बाहेर येईपर्यंत दिशा पार विसरतो. आजीच्या लुगड्याचा खरा रंग या दुसऱ्या भागात आहे. आता लेन्सवर दुसरा ध्रुवक लावून तो पहिल्याशी काटकोनात फिरवला, की दिशा न विसरलेली चमक अडते आणि दिशा विसरलेल्या प्रकाशातला साधारण अर्धा आत येतो. इतकी साधी खूण वापरून वरचा प्रकाश आणि आतला प्रकाश वेगळे काढता येतात, याचं मला आजही नवल वाटतं.

करताना दोन्ही दिव्यांवरच्या फिल्म एकाच दिशेने लावायच्या. चित्राशेजारी सायकलच्या बेअरिंगमधली एक पोलादी गोळी ठेवायची, तिच्यात दोन्ही दिव्यांचे ठिपके चमकतात. एक दिवा बंद करून लेन्सवरचा फिल्टर हळूहळू फिरवला की त्या दिव्याचा ठिपका मालवत जातो, आणि जिथे तो अगदी मंद होतो तिथे थांबायचं. मग दुसरा दिवा एकटा लावून त्याचा ठिपकाही मालवलेला आहे ना ते बघायचं. नसेल, तर त्या दिव्यावरची फिल्म तिरकी लागली आहे. दोन्ही ध्रुवकांतून मिळून प्रकाशाचा साधारण सहावा भाग उरतो, म्हणून एक पंधरांश सेकंदाचं एक्स्पोजर जवळपास अर्ध्या सेकंदावर जातं. शटर हाताने दाबायचं नाही, टायमरवर सोडायचं. खोलीतली ट्यूबलाइट बंद ठेवायची, कारण तिच्यापुढे फिल्म नसते. ध्रुवकांचा स्वतःचाही किंचित रंग असतो, त्यामुळे रंगपट्ट्यांचा कलर चार्ट याच मांडणीत, दोन्ही ध्रुवक लावलेले असताना टिपून घ्यायचा. फोनवर फिल्टर लावून काढलेल्या फोटोला हा आधार मिळत नाही. फोन चार्ट न पाहताच रंग ‘सुंदर’ करून देतो.

या पद्धतीची मर्यादा धातूवर कळते. तंजावरच्या भोसले राजांच्या आश्रयाने बहरलेली तंजावर शैलीची चित्रं घ्या. त्यांत उंचावलेल्या लेपावर सोन्याचा वर्ख असतो. सोनं जो प्रकाश परत पाठवतं, तो जवळजवळ सगळा वरच्या वर परततो, त्यामुळे ध्रुवक काटकोनात असले की बाळकृष्णाचे दागिने मळकट तपकिरी होतात. तिथे मी एक फोटो काटकोनात काढतो, दुसरा लेन्सचा फिल्टर फिरवून थोडी चमक आत येऊ देऊन, आणि वर्खापुरता दुसरा फोटो पहिल्यात मिसळतो. किती मिसळायचा, ते मूळ चित्र शेजारी ठेवून डोळ्यांनीच ठरवावं लागतं.

तैलचित्रांतही चमक पूर्ण काढली की रंगाची जाडी नाहीशी होते आणि चित्र छापील वाटू लागतं. म्हणून मित्राला दोन फायली दिल्या. एक रंगासाठी, काटकोनातली. दुसरी फिल्मशिवाय, एकच दिवा अगदी खाली, कॅनव्हासला जवळजवळ घासून जाईल असा ठेवून. तिच्यात कुंचल्याचा प्रत्येक फटकारा सावलीसह उठून येतो.

पहिली फाइल पडद्यावर उघडली तेव्हा मित्राची आई जवळ येऊन बसली. लुगड्याच्या निऱ्यांमध्ये, फोनच्या फोटोंत सपाट राखाडी दिसायची त्या जागी, काळपट जांभळ्या घड्या एकीमागे एक दिसत होत्या. “काठ बघ,” त्या म्हणाल्या. काठ तांबडा होता, बोटभर रुंद. आधीच्या एकाही फोटोत तो मला दिसला नव्हता.