जायला किती, यायला किती: संगणकांची घड्याळं जुळवण्यामागची गोष्ट

संगणकातलं घड्याळ म्हणजे क्वार्ट्झचा एक छोटा स्फटिक. त्याला वीज दिली की तो ठरावीक वेगानं थरथरतो, ही कंपनं मोजली जातात, आणि पुरेशी झाली की एक सेकंद पुढे सरकतो. मनगटी घड्याळात हा आकडा सेकंदाला 32,768 असतो. अडचण अशी की कुठलाच स्फटिक नेमका तेवढाच वेग धरत नाही. तो कसा कापला गेला, किती जुना झाला, भोवतालची हवा किती तापली, यानुसार त्याचा वेग थोडा बदलतो. साध्या स्फटिकात दहा लाखांत वीस कंपनांची चूक सहज चालवून घेतली जाते. एका दिवसाचे 86,400 सेकंद धरले, तर ही चूक रोज जवळपास पावणेदोन सेकंदांची होते आणि महिनाभरात मिनिटाच्या घरात जाते. शेजारी ठेवलेली दोन यंत्रं आज बरोबर जुळवली, तरी उद्या ती वेगळी वेळ सांगतील.

इंटरनेटच्या सुरुवातीच्या काळात हा प्रश्न डेव्हिड मिल्स यांनी हाती घेतला. 1981 साली त्यांनी आपल्या नेटवर्कवरच्या घड्याळसेवेचं वर्णन प्रसिद्ध केलं होतं. त्यांच्या प्रयोगांतली काही घड्याळं तर स्फटिकावर नव्हे, विजेच्या तारांमधल्या वारंवारितेवर चालत. विजेची मागणी वाढली की ही वारंवारिता जराशी उतरते, आणि त्याबरोबर घड्याळंही मागे पडायची. आपापसात मात्र ती छान जुळायची, कारण एकाच तारेवरची सगळी घड्याळं एकदमच चुकत होती. एकमेकांशी पटणं आणि खरी वेळ सांगणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे यापेक्षा स्वच्छ कुठे दिसणार? सप्टेंबर 1985 मध्ये मिल्स यांनी जी पद्धत मांडली, ती आज एनटीपी या नावानं ओळखली जाते.

तिचा गाभा चार नोंदींचा आहे. खरी वेळ कुणाला तरी विचारायची म्हटलं, तर उत्तर पोचेपर्यंत ते शिळं होतं, आणि किती शिळं झालं तेही माहीत नसतं. म्हणून विचारणारा संगणक निघण्याची वेळ नोंदवतो, सर्व्हर पोचण्याची आणि परत पाठवण्याची वेळ नोंदवतो, आणि उत्तर हाती आल्यावर पहिला संगणक चौथी नोंद करतो. प्रत्येकजण आपापलंच घड्याळ पाहतो.

समजा, माझ्या घड्याळात 0 मिलिसेकंद असताना प्रश्न निघाला. सर्व्हरच्या घड्याळाप्रमाणे तो 270 ला पोचला आणि 280 ला उत्तर निघालं. ते मला माझ्या 50 ला मिळालं. माझ्याकडे एकूण 50 मिलिसेकंद गेले, त्यातले 10 सर्व्हरपाशी गेले, म्हणजे प्रवास 40 चा. जाताना दोन्ही घड्याळांत 270 चा फरक दिसला, येताना 230 चा. दोहोंची सरासरी 250. तेव्हा माझं घड्याळ पाव सेकंद मागे आहे.

या हिशेबात एक गृहीत लपलेलं आहे: जायला आणि यायला सारखाच वेळ लागतो. प्रत्यक्षात जायला 30 आणि यायला 10 लागले असतील, तर मागे पडण्याचा खरा आकडा 240 आहे, आणि मी 10 मिलिसेकंदांनी चुकतो आहे. गंमत म्हणजे हे मला कधीच कळणार नाही, कारण चारही नोंदी तशाच दिसतात. चूक प्रवासाच्या निम्म्याहून, इथे 20 हून, जास्त नसेल एवढीच खात्री देता येते. म्हणूनच एनटीपी अलीकडच्या आठ उत्तरांतून सर्वांत कमी वेळात परतलेल्या उत्तराला पसंती देतं. जो निरोप कुठे रांगेत अडकला नाही, त्याचं जाणंयेणं सारखं असण्याची शक्यता अधिक.

फरक कळल्यावर काटे लगेच सरकवायचे नसतात. एनटीपीचा मूळ प्रोग्रॅम 128 मिलिसेकंदांपर्यंतचा फरक घड्याळाचा वेग हळूच कमीजास्त करून भरून काढतो. सेकंदाला जास्तीत जास्त अर्धा मिलिसेकंद, म्हणजे 100 मिलिसेकंद भरायला किमान 200 सेकंद. त्याहून मोठा फरक टिकून राहिला तर एकदम उडी मारतो, आणि फरक 1000 सेकंदांच्या वर असला तर सरळ काम थांबवतो, कारण एवढी चूक असेल तर बिघाड दुसरीकडेच असणार. दरम्यान आपला स्फटिक किती पुढेमागे धावतो, हेही तो शिकतो आणि `ntp.drift` या फाइलमध्ये लिहून ठेवतो. लिनक्सवर आज सर्रास दिसणाऱ्या क्रोनी या प्रोग्रॅममध्ये हाच आकडा `chronyc tracking` लिहिल्यावर `Frequency` च्या ओळीत दिसतो. तो एकाएकी बदलला, तर यंत्राचं तापमान आधी पाहावं.

सर्व्हरच खोटं सांगू लागला तर? 19 नोव्हेंबर 2012 ला अमेरिकेच्या नौदल वेधशाळेचे दोन वेळ-सर्व्हर काही काळ साल 2000 असल्याचं सांगत होते. त्यांच्यावर डोळे झाकून विसंबलेल्या कार्यालयांत लोकांना लॉगिन करता येईना, कारण पासवर्ड तपासणारी केर्बेरॉस व्यवस्था साधारणपणे पाच मिनिटांहून जास्त फरक मान्य करत नाही. दोन स्रोत ठेवले म्हणजे सुरक्षित, असं वाटणाऱ्यांचा इथे घात झाला. दोघांत मतभेद झाला तर खरा कोण हे सांगता येत नाही, आणि दोघे एकाच घरचे असतील तर ते मिळून चुकू शकतात. तिघांत बहुमत होतं. चार वेगवेगळे असले, तर एखादा बंद पडूनही बहुमत टिकतं.

सगळे स्रोत खरे असतानाही गोंधळ झालेला आहे. पृथ्वीचं फिरणं अणुघड्याळांइतकं नियमित नाही, म्हणून 1972 पासून जागतिक वेळेत 27 वेळा एक जादा सेकंद घातला गेला. संगणकांच्या नेहमीच्या मोजणीत मात्र मिनिटातला हा एकसष्टावा सेकंद लिहायला जागाच नाही. त्यामुळे अनेक यंत्रांवर शेवटचा सेकंद दोनदा येतो, म्हणजे वेळ एक पाऊल मागे जाते. हा डोकेदुखीचा सेकंद 2035 पर्यंत बंद करण्याचं 2022 मध्ये ठरलं, आणि माझ्या मते ते उशिरा ठरलं.

त्यातला आतापर्यंतचा शेवटचा सेकंद 2016 च्या अखेरीस आला. क्लाउडफ्लेअर या कंपनीच्या, साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणाऱ्या डीएनएस प्रोग्रॅममध्ये उत्तराला किती वेळ लागला हे नंतरच्या वेळेतून आधीची वेळ वजा करून काढलं जात होतं. त्या मध्यरात्री ही वजाबाकी काही यंत्रांवर ऋण आली. तोच आकडा पुढे यादृच्छिक संख्या देणाऱ्या फंक्शनकडे गेला. त्याला ऋण आकडा चालत नव्हता, आणि प्रोग्रॅम कोसळू लागला. वेळ शून्य भरली तर काय करायचं याची तपासणी लिहिणाऱ्यानं केली होती, शून्याखाली जाईल हे मनातही आलं नव्हतं. दुरुस्ती एका अक्षराची होती:

```
if rttMax == 0    // आधी
if rttMax <= 0    // नंतर
```

तो प्रोग्रॅम गो भाषेत होता. 2017 च्या ऑगस्टमध्ये आलेल्या गोच्या 1.9 आवृत्तीत `time.Now()` नेहमीच्या वेळेसोबत कधीच मागे न जाणाऱ्या दुसऱ्या मोजणीचा आकडाही बाळगू लागलं, आणि वजाबाकी त्यावरून होऊ लागली.