सीटीसीची टोकं म्हणजे उच्चाराची वेळ नव्हे

“सीटीसीला फ्रेमवार अलाइनमेंट लागत नाही, कारण प्रत्येक अक्षर नेमकं कधी उच्चारलं ते मॉडेल स्वतःच शोधतं.”

नाही. फ्रेमवार अलाइनमेंट, म्हणजे ध्वनीच्या कोणत्या छोट्या तुकड्यावर कोणतं अक्षर याच्या खुणा, लागत नाहीत हे खरं, पण कारण ते नव्हे. सीटीसी ही बोलणं मजकुरात उतरवणारं मॉडेल शिकवायची एक पद्धत. 3 फ्रेम, म्हणजे तसे तीन तुकडे, आणि ‘कख’ हे उत्तर घ्या. ‘_’ म्हणजे रिकामं चिन्ह. प्रत्येक फ्रेमला एक चिन्ह मिळतं; मग लागून आलेली सारखी अक्षरं एक होतात आणि रिकामी चिन्हं गळतात. ककख, कखख, _कख, क_ख, कख_ या पाचही वाटा ‘कख’च देतात. शिकताना मॉडेल जी चूक कमी करत नेतं ती, म्हणजे लॉस, हा या वाटांच्या संभाव्यतांच्या बेरजेचा ऋण लॉगॅरिदम. बेरीज मोठी झाली की झालं. ती कोणत्या वाटेमुळे वाढली, याच्याशी लॉसला देणंघेणं नाही.

म्हणून बहुतेक फ्रेमवर रिकामं चिन्ह आणि अधूनमधून अक्षरांची टोकदार शिखरं दिसतात. मागचाच संदर्भ पाहणाऱ्या मॉडेलमध्ये ती अनेकदा उशिरा येतात. मजकूर अचूक, पण सबटायटल मागे पडलेलं, असं त्यामुळेच होतं. हाताने खुणा केलेल्या थोड्या ध्वनीशी शिखरं ताडून पाहिली की ही सरक लगेच कळते.