पगाराच्या स्लिपवरच्या दोन ओळी: पीएफ आणि एंडोमेंट

ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या जुन्या कंपन्यांच्या पगाराच्या स्लिपवर कपातीच्या रकान्यात दोन ओळी हमखास एकाखाली एक असत: पीएफ आणि एलआयसी. दोन्ही पैसे हातात येण्याआधीच कापले जात, दोन्ही सरकारी वाटत, आणि दोन्हींकडे ‘म्हातारपणाची सोय’ म्हणूनच पाहिलं जाई. आजही ऐरोली-कोपरखैरण्याकडे ‘एवढी पॉलिसी आहे, पुढची काळजी नाही’ असं म्हणणारे भेटतात. हा समज कुठून आला आणि हिशेबात तो कुठे अडतो, ते पाहू.

दोन्ही योजनांचा जन्म जवळपास एकाच काळातला. 1952 च्या पीएफ कायद्यात सुरुवातीला सहाच उद्योग होते: सिमेंट, सिगारेट, इंजिनीअरिंग, लोखंड-पोलाद, कागद आणि कापड. कामगाराच्या पगारातून सव्वासहा टक्के कापायचे, मालकाने तेवढेच घालायचे आणि नोकरी संपल्यावर सगळं परत द्यायचं. उद्देश एकच होता, निवृत्ती. चार वर्षांनी, 1956 मध्ये, 245 विमा कंपन्या आणि प्रॉव्हिडंट सोसायट्या एकत्र करून एलआयसी उभी राहिली. 1962 मध्ये एमआयडीसी आली, वागळे इस्टेट आणि पुढे खाडीपलीकडचा पट्टा कारखान्यांनी भरला. तिथे इंजिनीअरिंगचे कारखाने भरपूर, म्हणून पीएफ आपोआप लागू. आणि एलआयसीच्या ‘सॅलरी सेव्हिंग’ योजनेमुळे विम्याचा हप्ताही पगारातूनच वळता होऊ लागला.

एलआयसीच्या ज्या पॉलिसी अशा कपातीतून घेतल्या जात, त्यातल्या एंडोमेंटचा मूळ हेतू मात्र वेगळा. ठरलेल्या मुदतीत माणूस गेला तर घरच्यांना विमा रक्कम, जगला तर त्यालाच ती रक्कम बोनससह. स्वातंत्र्याच्या सुमारास सरासरी आयुर्मान बत्तिशीच्या आसपास होतं. त्या काळी घरचा कर्ता अकाली जाण्याची धास्ती खरी होती आणि ‘मेलो तर फायदा, जगलो तर पैसे बुडाले’ असला विमा लोकांच्या गळी उतरत नव्हता. एजंटलाही तो विकायला जड जाई. त्यामुळे एंडोमेंट चालली, आणि मला त्यात तेव्हा काही गैर दिसत नाही. गोंधळ पुढे झाला, तो आयकरामुळे. आधी कलम 88 आणि 2005 पासून 80सी यांनी पीएफ, पीपीएफ आणि विम्याचा हप्ता करसवलतीच्या एकाच यादीत बसवले. दर जानेवारीत अकाउंट्सवाला पुरावे मागायला लागला की उरलेली मर्यादा भरायला पॉलिसी घेतली जायची. पीएफच्या कपातीने आधीच किती मर्यादा भरली आहे, हे फारसं कुणी पाहत नसे.

आता हिशेब. तिशीतला माणूस, रबाळ्यात नोकरी, 20 वर्षांची एंडोमेंट, विमा रक्कम 10 लाख, वर्षाचा हप्ता समजा 50,000. 20 वर्षांत हप्ते होतात 10 लाख. म्हणजे मुदत संपल्यावर मिळणारी 10 लाखांची मूळ रक्कम हे त्याचेच पैसे. कमाई फक्त बोनसची. तो हजारी, म्हणजे विमा रकमेच्या दर हजारामागे, ठरतो. हजारी 45 धरला तर वर्षाला 45,000, वीस वर्षांत 9 लाख. एकूण हातात 19 लाख. हे वार्षिक पावणेसहा टक्क्यांच्या जरा वर बसतं.

गंमत अशी की पहिल्या वर्षी हा बोनस डोळे दिपवतो. भरले 50,000 आणि बोनस जाहीर झाला 45,000! पीएफमध्ये तेवढेच टाकले तर 8.25 टक्क्यांनी व्याज फक्त 4,125. एजंटचं अर्धं काम हा आकडाच करतो. पण हा बोनस साधा असतो, त्यावर पुढे काही चढत नाही. पहिल्या वर्षी 45,000, विसाव्या वर्षीही 45,000. पीएफमध्ये व्याज मुद्दलात मिसळतं आणि त्यावर पुन्हा व्याज. नवव्या वर्षी ते 45,000 ओलांडतं, विसाव्या वर्षी 1 लाख 94 हजारांच्या घरात जातं. दर कायम राहिला असं धरलं तर 20 वर्षांनी जमतात साधारण साडेपंचवीस लाख. पीएफचा दर दर वर्षी जाहीर होतो, बदलतो; तसाच बोनसही बदलतो.

साडेसहा लाखांचा हा फरक विम्याची किंमत म्हणून सोडून द्यावा का? तेही मोजता येतं. वर्षाला समजा 4,000 चा 10 लाखांचा शुद्ध टर्म विमा, म्हणजे मुदतीत मृत्यू झाला तरच पैसे देणारा, घेतला आणि उरलेले 46,000 व्हीपीएफमध्ये, म्हणजे पीएफमध्येच स्वेच्छेने जादा, टाकले, तरी साधारण 23 लाख 40 हजार हातात येतात. दोन्हीकडच्या पैशांचा मोठा भाग सरकारी रोख्यांतच जातो. पैसा वाटेत कुठे झिरपतो, हा खरा प्रश्न. पूर्वी पारंपरिक पॉलिसीत पहिल्या वर्षीच्या हप्त्यातलं 35 टक्क्यांपर्यंत कमिशन कायद्यानेच मान्य होतं, पुढेही काही टक्के दर वर्षी. पीएफचा प्रशासकीय खर्च मात्र मालक भरतो, कामगाराच्या खात्यातून तो जात नाही.

या पट्ट्यातल्या लोकांना सर्वात जास्त चटका बसला तो मात्र कारखाने बंद पडताना किंवा व्हीआरएसच्या वेळी. पगार थांबला की कपात थांबते. पीएफमधलं साठलेलं साठलेलंच राहतं. पॉलिसीचं तसं नसतं. वरच्या उदाहरणात पाच वर्षांनी हप्ते बंद झाले, तर अडीच लाख भरलेले असतात आणि सरेंडरची, म्हणजे पॉलिसी मधेच मोडून पैसे परत घेण्याची, हमी फक्त निम्म्याची, सव्वा लाखाची. बोनसचं कागदावरचं मूल्यही पूर्ण मिळत नाही, त्याची सरेंडर किंमत वेगळी काढतात. ऑक्टोबर 2024 पासून नव्या पॉलिसींना सरेंडरचे नियम जरा नरम झाले आहेत, पण मधेच सोडणाऱ्याचा तोटा त्याने संपत नाही.

निवृत्तीच्या दृष्टीने आणखी एक उणीव आहे. हप्ता रुपयांत गोठलेला असतो. आज 50,000 ही मोठी रक्कम वाटते, पंधरा वर्षांनी पगार तिप्पट झाल्यावर तेच 50,000 किरकोळ होतात. पीएफ मूळ पगाराच्या 12 टक्के कापतो, म्हणून पगार वाढला की तोही वाढतो. त्यात तिशीत घेतलेली पॉलिसी पन्नाशीत पिकते, नेमकी मुलीच्या लग्नाच्या किंवा डोंबिवलीच्या फ्लॅटच्या वेळी. निवृत्तीला तेव्हा आठ वर्षं बाकी असतात.

पीएफही धुतल्या तांदळासारखा नाही. नोकरी बदलली की तो काढून खाणारे पुष्कळ असतात, आणि मालकाच्या 12 टक्क्यांतला एक भाग पेन्शन योजनेत जातो (वेतनमर्यादा 15,000 धरून महिना 1,250). पण त्यात एक विसरलेली गोष्ट आहे: 1976 पासून पीएफला जोडलेला विमा, ईडीएलआय. नोकरीत असताना मृत्यू झाला तर वारसांना 7 लाखांपर्यंत मिळतात, आणि त्याचा हप्ता मालक भरतो. अनेकांच्या घरी या विम्याच्या दाव्याचा अर्ज कधी भरलाच जात नाही.

नौपाड्यातल्या दुकानदाराला पीएफ नाही. त्याच्यासाठी 1968 पासून पीपीएफ आहे, आजच्या 7.1 टक्क्यांनी तेच 50,000 वीस वर्षांत सुमारे 22 लाख होतात. आणि ज्यांची पॉलिसी आधीच चालू आहे, त्यांनी घाईने सरेंडर करू नये. मुदतीला तीन-चार वर्षंच उरली असतील तर ती पुरी करणंच बहुधा फायद्याचं. जास्त वर्षं बाकी असतील तर शाखेत जाऊन आजची सरेंडर किंमत आणि पेड-अप किंमत, म्हणजे हप्ते थांबवून पॉलिसी तशीच ठेवली तर मुदतीला मिळणारी रक्कम, लेखी मागावी, आणि आधी टर्म विमा हातात आल्याशिवाय हप्ता थांबवू नये.