समतोल तपासला म्हणजे सरमिसळ तपासली असं नव्हे

पुण्यातल्या छोट्या जनुकीय अभ्यासांच्या प्रबंधांत एक वाक्य मला पुन्हा पुन्हा भेटतं: ‘कंट्रोल गटात हार्डी-वाइनबर्ग समतोल आढळला, त्यामुळे स्तरीकरणाची शंका उरत नाही.’ केस म्हणजे रुग्ण, कंट्रोल म्हणजे तुलनेसाठी घेतलेले निरोगी लोक, आणि स्तरीकरण म्हणजे हे दोन गट लोकसमूहांच्या वेगवेगळ्या मिश्रणातून येणं. वाक्याचा पहिला भाग बहुधा खरा असतो. दुसरा मात्र त्यातून निघत नाही.

समतोलाची चाचणी एका वेळी एकाच गटाकडे पाहते. अॅलील म्हणजे जनुकातल्या एखाद्या जागेचं एक रूप; प्रत्येकाकडे अशा दोन प्रती असतात आणि त्या जोडीला जीनोटाइप म्हणतात. एका अॅलीलचं प्रमाण q आणि दुसऱ्याचं p असेल, तर तीन जीनोटाइप p², 2pq आणि q² या प्रमाणात आहेत का, एवढाच तिचा प्रश्न. स्तरीकरणाचा प्रश्न दोन गटांमधला आहे: केस आणि कंट्रोल एकाच लोकसमूहातून, सारख्याच मिश्रणानं आले आहेत का?

एक कल्पित उदाहरण घेऊ. मधुमेहाच्या १०० केसेस शहरातल्या एका रुग्णालयाच्या ओपीडीतून घेतल्या आणि १०० कंट्रोल हिंजवडीतल्या रक्तदान शिबिरातून. ओपीडीत बहुतेक जण आसपासच्या तालुक्यांतले, तर शिबिरात देशभरातून नोकरीसाठी आलेले. सोयीसाठी दोनच समूह मानू. आपल्या अॅलीलचं प्रमाण पहिल्यात ०.४ आणि दुसऱ्यात ०.२. मधुमेहाशी या अॅलीलचा काहीही संबंध नाही. केसेसमध्ये पहिल्या समूहाचे ८० आणि दुसऱ्याचे २० जण आहेत, कंट्रोलमध्ये नेमकं उलट.

केसेसमध्ये २०० पैकी ७२ अॅलील मिळतील, कंट्रोलमध्ये ४८. काय-स्क्वेअर ६.९, पी-व्हॅल्यू ०.००९. शोधनिबंध तयार!

आता समतोल पाहू. कंट्रोलमध्ये आपलं अॅलील नसलेले ५८, एक प्रत असलेले म्हणजे हेटरोझायगस ३६ आणि दोन्ही प्रती असलेले ६ आले. हेटरोझायगस ३६.५ अपेक्षित होते, मिळाले ३६. केसेसमध्ये याच क्रमानं ४२, ४४ आणि १४; हेटरोझायगस अपेक्षित ४६, मिळाले ४४. दोन्ही गट चाचणीत आरामात पास, आणि निष्कर्ष तरीही साफ खोटा.

चाचणीला हे दिसत का नाही? वेगवेगळ्या प्रमाणांचे समूह मिसळले की हेटरोझायगस अपेक्षेपेक्षा कमी भरतात, याला वालुंड परिणाम म्हणतात. पण ही घट फार बारीक असते. हेच दोन समूह निम्मे-निम्मे मिसळले तरी शंभरात ४२ ऐवजी ४० हेटरोझायगस मिळतील. एवढा फरक ५ टक्क्यांच्या पातळीवर उठून दिसायला साधारण १७०० माणसं लागतील. अॅलीलच्या प्रमाणातला फरक मात्र शंभर-शंभर माणसांतही थेट निकालात उतरतो. छोट्या अभ्यासाची अडचण नेमकी ही आहे.

मग समतोलाची चाचणी कशासाठी? मुख्यतः प्रयोगशाळेतली चूक पकडण्यासाठी. पीसीआर-आरएफएलपीत डीएनएचा तुकडा एन्झाइमनं कापून जीनोटाइप ओळखतात. एन्झाइमनं डीएनए पुरता कापला नाही, तर कापले जाणारे होमोझायगस, म्हणजे दोन्ही प्रती सारख्या असलेले, जेलवर हेटरोझायगससारखे दिसतात. वरच्या कंट्रोलमधल्या ५८ पैकी २० जण असे चुकले, तर आकडे ३८, ५६ आणि ६ होतात. अपेक्षित ४५, मिळाले ५६, पी-व्हॅल्यू ०.०१३. इथे दिशा महत्त्वाची आहे. दोन अॅलील असलेल्या जागी नुसत्या सरमिसळीनं हेटरोझायगस वाढत नाहीत, कमीच होतात. ते जास्त आले तर मी आधी जेलचे फोटो पुन्हा मागवते. कमी आले तर सरमिसळ, नात्यातली लग्नं किंवा एक अॅलील पीसीआरमध्ये गळणं, यांतलं काहीही असू शकतं. आणि समतोल फक्त केसेसमध्ये बिघडला, तर तो खऱ्या संबंधाचाही परिणाम असू शकतो. म्हणून भर कंट्रोलवर. एखादा जीनोटाइप पाचपेक्षा कमी अपेक्षित असेल, तर काय-स्क्वेअरऐवजी एक्झॅक्ट टेस्ट वापरावी.

स्तरीकरणासाठी वेगळी माहिती लागते. एकाच जागेचं जीनोटायपिंग केलं असेल, तर मूळ गाव, मातृभाषा आणि चारही आजी-आजोबांचा समाज फॉर्मवर लिहून घेणं हाच हाताशी असलेला उपाय. आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या समाजातच लग्नं झाल्यानं शेजारी राहणाऱ्या समूहांतही अॅलीलची प्रमाणं वेगळी असू शकतात, त्यामुळे ‘सगळे महाराष्ट्रीय’ एवढी नोंद पुरत नाही. मग प्रत्येक समूहात केस-कंट्रोल वेगळे मोजायचे. आपल्या उदाहरणात पहिल्या समूहात केसेसचे १६० पैकी ६४ अॅलील आणि कंट्रोलचे ४० पैकी १६, दोन्हीकडे ०.४. दुसऱ्यात ४० पैकी ८ आणि १६० पैकी ३२, दोन्हीकडे ०.२. संबंध नाहीसा झाला. समूह अनेक असतील तर मँटेल-हेन्झेल पद्धतीनं ते एकत्र जोडता येतात.

अमेरिकेतल्या पिमा लोकांच्या १९८८ मधल्या अभ्यासात हेच घडलं होतं. जीएम हॅप्लोटाइप, म्हणजे एकत्र वारशानं येणाऱ्या अॅलीलांचा एक संच, मधुमेहापासून वाचवतो असं वाटत होतं. पण तो प्रत्यक्षात युरोपीय वंशाचं प्रमाण दाखवत होता, आणि ते प्रमाण धरून मोजल्यावर संबंध जवळपास उरला नाही.

पैसे असतील तर रोगाशी संबंध नसलेल्या, एकमेकांपासून दूरच्या अनेक मार्करांचं, म्हणजे जनुकीय जागांचं, जीनोटायपिंग करावं. केस-कंट्रोलमध्ये त्यांचीही प्रमाणं वेगळी निघत असतील, तर फरक रोगाचा नसून नमुना कुठून घेतला याचा आहे. पण मार्कर पाच-दहाच असतील, तर ‘फरक आढळला नाही’ या निकालावरही विसंबू नये. आणि शिबिरातले कंट्रोल गोळा होऊन गेले असतील, मूळ गावाची नोंदच नसेल आणि असे अनेक मार्करही तपासता येत नसतील, तर हा दोष नंतर कुठल्याही चाचणीनं निघत नाही.