हजाराचा रिचार्ज किती दिवस पुरेल? प्रीपेड मीटरवाल्या ग्राहकांसाठी

"मीटर पळतंय, येऊन बघा." असा फोन आमच्या दुकानात महिन्याच्या विसाव्या-बाविसाव्या तारखेनंतर हमखास येतो. पहिल्या आठवड्यात तो जवळजवळ कधीच येत नाही. मीटर खरंच बिघडलं असतं तर त्याने तारीख पाहिली नसती. म्हणून आम्ही माणूस पाठवण्याआधी तुम्हाला दोन आकडे विचारतो: आजचं रीडिंग आणि महिना सुरू झाला त्या दिवशीचं रीडिंग. काहींना ही टाळाटाळ वाटते. पण हे दोन आकडे मिळाले की बहुतेक तक्रारी फोनवरच सुटतात आणि तुमची व्हिजिट फी वाचते.

चूक कुठे होते ते सांगतो. रिचार्जच्या रकमेला पहिल्या स्लॅबच्या दराने भागलं जातं. स्लॅब मात्र तुमच्या रिचार्जपासून मोजला जात नाही, तो महिन्याच्या सुरुवातीपासून मोजला जातो. नवा रिचार्ज केला म्हणून स्वस्त युनिट पुन्हा पहिल्यापासून मिळत नाहीत. महिन्यात तुम्ही जिथवर पोहोचलात, तिथूनच पुढचं युनिट मोजलं जातं.

एक उदाहरण घेऊ. आकडे हिशेब समजण्यापुरते गोल धरले आहेत, तुमचे दर त्या जागी घाला. समजा पहिल्या १०० युनिटांना ५ रुपये, १०१ ते ३०० युनिटांना १० रुपये आणि स्थिर आकार महिन्याला १५० म्हणजे रोज ५ रुपये. युनिटमागचे कर आणि अधिभार दरातच धरलेत. घरात रोज ८ युनिट जातात.

या ग्राहकाने ११ तारखेला सकाळी १००० रुपये भरले, शिल्लक बरोबर हजार झाली. त्याचा हिशेब असा: हजार भागिले पाच, २०० युनिट, रोज ८ म्हणजे २५ दिवस. पुढच्या महिन्याच्या पाच तारखेपर्यंत बघायला नको.

प्रत्यक्षात पहिल्या दहा दिवसांत ८० युनिट जळून गेलेली होती. स्वस्त स्लॅबमध्ये उरली फक्त २०, म्हणजे अडीच दिवसांची. त्या काळात रोजचा खर्च ८ गुणिले ५ अधिक ५, म्हणजे ४५ रुपये. अडीच दिवसांचे झाले ११२ रुपये ५० पैसे. तिथून पुढे प्रत्येक युनिट १० रुपयांचं, म्हणून रोजचे ८५ रुपये. उरलेल्या ८८७ रुपये ५० पैशांना ८५ ने भागा, साडेदहाला जरा कमी दिवस येतात. एकूण १३ दिवस. शिल्लक २३ तारखेला रात्री संपली आणि फोन आमच्याकडे आला. हजारात युनिट मिळाली १०३ च्या आसपास, २०० नव्हे. मीटर एक युनिटही जास्त पळालं नव्हतं.

मग त्याने २४ तारखेला सकाळी पुन्हा हजार भरले. महिना ३० दिवसांचा, उरले सात दिवस. रोज ८५ प्रमाणे ५९५ रुपये गेले. एक तारखेला स्लॅब पहिल्यापासून सुरू झाला, रोजचा खर्च ४५ वर आला आणि उरलेले ४०५ रुपये बरोबर ९ दिवस पुरले. तोच हजार, तेच घर, तोच वापर. आधी १३ दिवस, आता १६. आणि हेच पैसे एक तारखेला भरले असते तर साडेसतरा दिवस गेले असते. त्यामुळे "गेल्या वेळी जास्त दिवस पुरले होते" ही तुलना तारीख पाहिल्याशिवाय करू नका.

इथे एक गैरसमज मात्र वेळीच काढून टाकतो. १०० युनिट ओलांडली की आधीचीही १० रुपयांची होतात असं अनेकांना वाटतं. या प्रकारच्या दरपत्रकात तसं होत नाही, महाग होतं ते १०१ वं युनिट आणि त्यापुढचं.

तुमचा हिशेब करायला मीटरच्या स्क्रीनवर आकडे फिरतात त्यातला kWh लिहिलेला आकडा घ्या. त्यातून महिन्याच्या सुरुवातीचं रीडिंग वजा केलं की स्लॅबमध्ये तुम्ही कुठे आहात ते कळतं. महिना एक तारखेला सुरू होतो की दुसऱ्या एखाद्या तारखेला, हे कंपनीच्या अॅपवर किंवा हिशेबपत्रकात बघा. शिल्लक बहुतेक ठिकाणी दिवसातून एकदा कापली जाते, त्यामुळे सकाळी दिसणारी रक्कम आदल्या दिवसापर्यंतची असते.

काही कंपन्या स्लॅब महिन्याऐवजी दिवसावर वाटून देतात: १०० युनिट भागिले ३०, म्हणजे रोज साधारण सव्वातीन युनिट स्वस्त. तसं असेल तर वरच्या घराला रोज सारखेच सुमारे ६८ रुपये लागतील आणि हजार रुपये कधीही भरा, साडेचौदा दिवस पुरतील. महिन्याचा एकूण खर्च दोन्हीकडे २०५० रुपयेच होतो. तुमच्याकडे कोणती पद्धत आहे हे ओळखायला महिन्याच्या पहिल्या आठवड्यातला एक दिवस आणि शेवटच्या आठवड्यातला एक दिवस घ्या, दोन्ही दिवशी युनिट सारखी जळालेली हवीत. कपात सारखी असेल तर स्लॅब दिवसावर आहे.

एवढं करूनही हिशेब जुळत नसेल तर घर बंद होतं अशा दिवसाची कपात बघा. आपल्या उदाहरणात ती फक्त स्थिर आकाराची, ५ रुपयांची हवी. जास्त दिसली तर दोन शक्यता असतात. युनिट पडलेली नसताना पैसे कापले गेले असतील तर बहुधा जुन्या बिलाची थकबाकी हप्त्याने वसूल होत आहे. ती कंपनीकडेच विचारावी लागेल, आमच्या हातात काही नाही. युनिट पडलेली असतील तर आधी फ्रीज चालू राहिला होता का ते आठवा. तो नव्हता, तर मेन स्विच बंद करा आणि मीटरवरचा लुकलुकणारा लाल दिवा पाच-दहा मिनिटं बघा. तो थांबला तर वीज घरातल्याच कुठल्या तरी उपकरणात किंवा वायरिंगमध्ये जाते आहे. लुकलुकतच राहिला तर मीटर आणि मेन स्विच यांच्यामधल्या वायरीवर लोड आहे किंवा मीटरमध्येच दोष आहे. मीटरचं सील आम्ही तोडत नाही, कितीही आग्रह केला तरी. ते कंपनीचं असतं आणि त्याचा भुर्दंड तुम्हालाच बसतो.

घरातल्या वायरिंगची गळती शोधणं हे आमचं काम. त्यासाठी येतो तेव्हा व्हिजिट फी लागते, दोष सापडला आणि दुरुस्ती आमच्याकडून करून घेतली तर ती मजुरीत वळती करतो. काउंटरवर रिचार्ज करणाऱ्यांना तुमच्या दराप्रमाणे लिहिलेलं एक छोटं कार्डही फुकट देतो: रोज किती युनिट, स्लॅब कधी बदलेल, त्याआधी रोज किती रुपये आणि नंतर किती. मीटरच्या पेटीच्या दारावर आतून चिकटवा. येताना तेवढा महिन्याच्या पहिल्या दिवसाच्या रीडिंगचा फोटो घेऊन या, तो नसला तर कार्ड भरता येत नाही.