परिपाठात नववीचा मुलगा का कोसळला?

सोमवारी प्रार्थना झाल्यावर मुलांना मैदानावर खाली बसायला सांगितलं आणि पुढचं बोललो. घरच्यांनीही वाचावं म्हणून तेच इथे लिहून काढलं आहे.

पोरांनो, शनिवारी सकाळची शाळा होती. प्रतिज्ञा झाली, बातम्या वाचून चालल्या होत्या आणि नववीच्या रांगेतला एक मुलगा गुडघ्यांत मोडून खाली आला. त्याला विचारूनच आज हे सांगतोय. तो खो-खोच्या संघात आहे, अंगानं काटक आहे. तेव्हा अशक्त पोरालाच चक्कर येते हे आधी डोक्यातून काढा.

आपण स्तब्ध उभे राहतो तेव्हा रक्त आपल्या वजनानं पायांत उतरतं. ते पुन्हा वर चढवायचं काम पोटऱ्या करतात. चालताना पोटरी आवळली की आतली शीर पिळली जाते आणि रक्त हृदयाकडे ढकललं जातं. तुम्ही वीस मिनिटं हललाच नाहीत, तर हा पंप बंद. त्यात आपल्याकडचा मार्च महिना. ऊन तापू लागलं की अंग थंड ठेवण्यासाठी कातडीखालच्या रक्तवाहिन्या रुंदावतात आणि आणखी रक्त तिकडे जातं. शरीरात पाणी पुरेसं असेल तर हेही निभावतं. पण पाणी कमी असेल तर मुळात रक्तच थोडं कमी भरतं, दाब उतरतो, मेंदूला काही क्षण रक्त पुरत नाही. डोळ्यांपुढे अंधारी येते, कानात सूं होतं, घाम फुटतो आणि माणूस पडतो. आडवा झाला की डोकं हृदयाच्या पातळीला येतं, रक्त पोचतं आणि तो मिनिटभरात डोळे उघडतो.

त्या मिनिटात आपण काय केलं? दोघांनी त्याला धरून बसवलं, एक जण कांदा फोडायला धावला, एकानं तोंडात पाणी ओतायला घेतलं. तिन्ही गोष्टी प्रेमानं झाल्या, पण पुन्हा करायच्या नाहीत. शुद्ध नसताना ओतलेलं पाणी श्वासनलिकेत जाऊ शकतं. त्याला आडवाच ठेवा, पायांखाली दोन दप्तरं द्या, पट्टा आणि गळ्याचं बटण सैल करा, वारा येऊ द्या. पूर्ण जागा झाला की मग घोट घोट पाणी. एखाद-दोन मिनिटांत शुद्ध आली नाही, किंवा अंग भट्टीसारखं तापलंय आणि मूल असंबद्ध बोलतंय, तर ही साधी चक्कर नाही. तो उष्माघात असू शकतो. सावलीत न्या, अंगावर पाणी मारून वारा घाला आणि तोवर कोणीतरी १०८ ला फोन लावा.

आता तो रिकामा कसा झाला, ते पाहू. शुक्रवारी संध्याकाळी दीड तास खो-खोचा सराव होता. त्यात किती पाणी जातं हे कळावं म्हणून काल रविवारी मी वजनकाटा मैदानावर आणला. सरावाआधी त्याचं वजन ४२.४ किलो. नंतर घाम पुसून, ओला बनियन काढून पुन्हा उभं केलं तर ४१.८. मध्ये तो एक पेला, म्हणजे २०० मिली पाणी प्यायला होता. सहाशे ग्रॅम उतरले आणि दोनशे प्यायलेले, म्हणजे गेला ८०० मिली घाम. चार पेले! आणि हा म्हणतो, "सर, तहान काही फार लागली नव्हती." तो खोटं बोलत नाही. तहान उशिरा लागते आणि लवकर मिटते. दोन घोटांनी घसा ओला झाला की मेंदू समाधान मानतो, रक्तातली तूट मात्र तशीच राहते. म्हणून सरावात दर पंधरा-वीस मिनिटांनी शिट्टी वाजेल आणि सगळे माठाकडे जातील, तहान असो वा नसो. मात्र सरावानंतर एका दमात दोन-तीन लिटर ढोसू नका. रक्तातलं मीठ पातळ होतं, तेही धोक्याचं. पाणी थोडं थोडं, आणि मीठ जेवणातून येतं.

तूट ओळखायला काट्याची गरज नाही. लघवीचा रंग पाहा. लिंबू सरबतासारखा फिकट असेल तर ठीक. मोहरीच्या तेलासारखा गडद आणि थोडी थोडी होत असेल तर पाणी कमी आहे. जीवनसत्त्वाच्या गोळ्या घेत असाल किंवा बीट खाल्लं असेल तर मात्र रंगावर विसंबू नका.

मुलींनो, तुमच्यातल्या बऱ्याच जणी शाळेत मुद्दाम पाणी पीत नाहीत, कारण स्वच्छतागृहाची अडचण. ही चूक तुमची नाही, आम्हा मोठ्यांची आहे. खेळाच्या तासाला यापुढे नुसता हात वर करायचा आणि जायचं, कशासाठी ते कोणी विचारणार नाही. मुख्याध्यापकांशी मी बोललो आहे, तिथं पाणी आणि कडी दोन्ही नीट असतील.

तर शुक्रवारी रात्री हा आठला जेवला, मग बारापर्यंत मोबाइल. या वयात झोपेचं घड्याळ आपोआप तास-दोन तास पुढे सरकतं, म्हणून दहाला डोळा लागत नाही, हा आळस नव्हे. पण डोळ्यांसमोरचा उजेड ते आणखी पुढे ढकलतो आणि सकाळची शाळा काही पुढे जात नाही. तो साडेपाचला उठला, म्हणजे साडेपाच तास झोप. तुमच्या वयाला आठ ते दहा तास लागतात, पाचवी-सहावीच्या लहानग्यांना नऊ ते बारा. वाढीचं संप्रेरक झोपेच्या सुरुवातीच्या गाढ भागात सर्वांत जास्त स्रवतं. शिवाय रात्री मेंदू पाणी राखून ठेवणारं एक संप्रेरक सोडतो, त्यामुळेच रात्रभर लघवीला उठावं लागत नाही. तरी श्वासातून आणि कातडीतून पाणी जातच राहतं. म्हणजे सकाळी उठलेला प्रत्येक जण थोडा सुकलेलाच असतो, आणि हा तर आदल्या संध्याकाळचीही तूट घेऊन उठला.

उठल्यावर काय घेतलं? अर्धा कप चहा. रात्री आठपासून सकाळी सातपर्यंत अकरा तास पोट रिकामं. यकृतात साठवलेली साखर रात्रभर मेंदूला पुरवली जाते आणि सकाळपर्यंत तो साठा बराच उतरतो. म्हणजे साखर संपून तो पडला असं नाही. निरोगी शरीर इतर वाटांनी साखर तयार करतं. पण न्याहारीसोबत पाणी आणि मीठही पोटात जातं, हे आपण विसरतो. रात्रीची दादरची किंवा कळण्याची भाकर कुस्करून, कांदा घालून फोडणीला टाकली की झाली न्याहारी. तेवढाही वेळ नसेल तर दोन केळी आणि मूठभर शेंगदाणे. आपल्या जिल्ह्यात केळी नाहीत असं घर शोधून सापडायचं नाही. आणि घराबाहेर पडण्याआधी दोन पेले पाणी, एक उठल्यावर आणि एक खाताना.

काल रात्री तो दहाला झोपला, आज भाकर खाऊन आलाय, तिसऱ्या रांगेत बसलाय. आता सगळे उभे राहा. यापुढे परिपाठात बातम्या सुरू झाल्या की हे करायचं: टाचा उचला, खाली टेका, पुन्हा उचला. दहा वेळा. पोटरी घट्ट होतेय ना? झालं. पाचवीपासून रांगेनं माठाकडे चला.